बारा वर्षांखालील डॉक्टर : यंत्राच्या भाषांतराला गुण कोण देते?

(मंचाच्या सिंगापूर येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. फळ्यावर लिहिलेली उदाहरणे मजकुरातच घेतली आहेत.)



सिंगापूरच्या चार राजभाषांत तमिळ आहे, मराठी नाही, आणि ती असावी असा हट्ट कोणी धरणार नाही. पण चार-सहा महिने मुलांकडे राहायला आलेल्या आपल्या आईवडिलांच्या हातात औषधाची जी चिठ्ठी पडते ती इंग्रजीत असते. म्हणून आपल्या आरोग्य गटाने औषधांच्या सूचना मराठीत आणायचे ठरवले आणि त्यासाठी भाषांतराची दोन सॉफ्टवेअर तपासायला घेतली. मागच्या बैठकीत सूचना आली की यातले ज्याचा 'ब्लू स्कोअर' जास्त आहे ते घ्यावे, एक दुसऱ्यापेक्षा तीन गुणांनी पुढे आहेच. हे गुण येतात कुठून आणि त्यांच्यावर किती भिस्त ठेवावी, एवढ्यापुरतेच मी आज बोलणार आहे.

'ब्लू' म्हणजे निळा नव्हे, तरी उच्चार तोच. बायलिंग्वल इव्हॅल्युएशन अंडरस्टडी या तीन शब्दांवरून हे नाव तयार केले आहे. आयबीएममधले किशोर पपिनेनी, सलीम रुकोस, टॉड वॉर्ड आणि वेइ-जिंग झू या चौघांनी २००२ साली ही पद्धत मांडली. यातला 'अंडरस्टडी' हा शब्द नाटकवेड्या मराठी माणसाला लगेच कळावा. मुख्य नट आजारी पडला तर उभा राहणारा बदली नट म्हणजे अंडरस्टडी. मुख्य नट म्हणजे भाषांतर वाचून बरे-वाईट ठरवणारा माणूस. त्याला वेळ लागतो आणि पैसे द्यावे लागतात. प्रोग्राममध्ये रोज बदल करणाऱ्याला रोज माणसे बसवणे परवडत नाही, म्हणून हा बदली. पद्धत मांडणाऱ्यांनी तिला बदलीच म्हटले होते. पुढे तोच मुख्य नट होऊन बसला, हा दोष त्यांच्या माथी मारता येणार नाही.

आता हिशोब करू. इंग्रजी सूचना अशी आहे की डॉक्टरांना विचारल्याखेरीज हे औषध बारा वर्षांखालच्या मुलांना देऊ नये. एका जाणत्या माणसाने तिचे मराठी असे केले:

बारा वर्षांखालील मुलांना हे औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका

हे आपले संदर्भ-भाषांतर. शब्द नऊ. आता पहिल्या यंत्राने दिलेले वाक्य 'क' समजा:

क) बारा वर्षांखालील मुलांना हे औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ शकता

ब्लू काय करतो? यंत्राच्या वाक्यातले किती शब्द संदर्भात आहेत ते आधी मोजतो. 'क' मध्ये नऊपैकी आठ. मग लागोपाठच्या दोन-दोन शब्दांच्या जोड्या घेतो. आठ जोड्यांपैकी सात जुळतात. तीन-तीन शब्दांचे सात तुकडे होतात, त्यांतले सहा जुळतात. चार-चार शब्दांच्या सहा तुकड्यांपैकी पाच जुळतात. या चारही अपूर्णांकांचा गुणाकार करून त्याचे चौथे मूळ काढायचे. इथे गंमत अशी की वरचे-खालचे आकडे कटत जाऊन ५/९ एवढेच उरते. त्याचे चौथे मूळ ०.८६. म्हणजे शंभरपैकी ८६ गुण. ब्लूच्या जगात ८६ गुण सहसा कोणाला पडत नाहीत. ३०-४० मिळाले तरी पेपरात अभिमानाने छापतात.

आणि वाक्य काय सांगते आहे? डॉक्टरांना न विचारता लहान मुलाला औषध द्या.

दुसऱ्या यंत्राचे वाक्य 'ख':

ख) डॉक्टरांचा सल्ला घेतल्याविना हे औषध बारा वर्षांपेक्षा लहान मुलांना देऊ नये

वाक्य बरोबर आहे. थोडे पुस्तकी आहे, पण आजी वाचील आणि नातवाला गोळी देणार नाही. अकरा शब्दांपैकी हे, औषध, बारा, मुलांना आणि देऊ हे पाच शब्द संदर्भात आहेत. दहा जोड्यांपैकी 'हे औषध' ही एकच जुळते. तीन शब्दांचा एकही तुकडा जुळत नाही. गुणाकारात शून्य आले की सगळेच शून्य. 'ख' ला ब्लू शून्य.

आणखी एक पाहा. संदर्भातलेच नऊ शब्द घेऊन फक्त क्रम बदलला:

ग) हे औषध बारा वर्षांखालील मुलांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका

यात कोणाला काही चूक दिसते का? मराठीत विभक्ती शब्दालाच चिकटलेली असल्यामुळे शब्द हलवता येतात, अर्थ फारसा हलत नाही. पण ब्लूच्या हिशोबात नऊपैकी नऊ शब्द, आठपैकी सहा जोड्या, सातपैकी तीन त्रिकुटे आणि सहापैकी एक चौकडी जुळते, आणि गुण पडतात ४८. म्हणजे अर्थ जसाच्या तसा ठेवणाऱ्याला ४८, अर्थ उलटा करणाऱ्याला ८६.

इथे ब्लूच्या बाजूनेही बोलले पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. एकेका वाक्याला गुण द्यायला तो बनवलेलाच नाही. शेकडो-हजारो वाक्यांचे जुळलेले तुकडे एकत्र मोजून एकच आकडा काढायचा, ही मूळ कल्पना. त्यामुळे 'ख' चे शून्य मोठ्या संचात विरून जाते. शिवाय मूळ विचारात एका वाक्याला अनेक संदर्भ होते. चार माणसांनी चार तऱ्हांनी केलेली भाषांतरे ठेवायची आणि यंत्राचे तुकडे त्यांपैकी कशातही सापडले तरी चालतील असे मानायचे. 'ख' सारखे एक वाक्य संदर्भांत असते तर 'ख' पहिल्या नंबराने पास झाला असता. लबाडी रोखायचीही सोय आहे. 'हे हे हे हे' असे लिहिणाऱ्याला चार गुण मिळत नाहीत, संदर्भात 'हे' एकदाच आले असल्याने एकच मिळतो. आणि खात्रीचे तेवढेच बोलणाऱ्यालाही दंड आहे. 'डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका' या चार शब्दांतला प्रत्येक तुकडा जुळतो, पण वाक्य तोकडे म्हणून दंड लागून गुण २९ वर येतात.

परंतु याच दोन आधारांपाशी मराठीची अडचण सुरू होते. चार-चार संदर्भ करून घेणे खर्चाचे काम आहे. मराठीच्या चाचणीसाठी सर्वत्र वापरला जाणारा फ्लोरेस हा संच घ्या. त्याच्या अंतिम चाचणीत १०१२ वाक्ये आहेत आणि प्रत्येकाला मराठी संदर्भ एकच आहे. त्या एका अनुवादकाने 'शिवाय' लिहिले की 'विना' लिहिणारा चुकला. आणि मोठ्या संचात 'ख' चे शून्य विरते, तशीच 'क' ची चूकही विरते. हजार वाक्यांत एके ठिकाणी 'नका' चे 'शकता' झाले तर एकूण गुण फार तर काही शतांशांनी हलतील. बेरीज ही अशी मोठी उदार असते. 'मुले' ऐवजी 'बालके' लिहिले तर जेवढे कापते, साधारण तेवढेच नकार गिळला तर कापते.

बेरजेत आणखी एक गोष्ट लपते. मराठीचा ब्लू हिंदीपेक्षा कमी येतो तेव्हा आपल्याला वाटते की यंत्राला मराठी कमी येते. तसे असेलही, पण गुणांवरून ते ठरत नाही. हिंदीत 'डॉक्टर से पूछे बिना' असे चार सुटे शब्द आहेत, मराठीत तेच दोन शब्दांत मावते. हिंदी यंत्राने 'से' च्या जागी 'को' लिहिले तर एक शब्द गेला, 'डॉक्टर' शाबूत राहिला. मराठी यंत्राने 'डॉक्टरांना' ऐवजी 'डॉक्टरांकडे' लिहिले की आख्खा शब्द गेला आणि त्याच्याबरोबर त्याला स्पर्श करणारे सगळे तुकडे गेले. दोन भाषांचे ब्लू शेजारी ठेवून तुलना करू नये, हे या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे आणि तरी तक्ते तसे छापले जातात.

ही हरकत आपल्याकडे नवी नाही. २००७ साली मुंबईच्या आयआयटीतले पुष्पक भट्टाचार्य आणि आर. अनंतकृष्णन यांनी सहकाऱ्यांसह इंग्रजी-हिंदी भाषांतरावर एक निबंध वाचला होता. त्याच्या शीर्षकात 'ब्लू' वरच कोटी होती. इंग्रजी आणि हिंदी वाक्याची ठेवण जिथे जिथे वेगळी पडते ती ठिकाणे घेऊन, ब्लू तिथे कसा चुकतो हे त्यांनी दाखवले. त्याच्या आदल्या वर्षी ख्रिस कॅलिसन-बर्च, माइल्स ऑझबोर्न आणि फिलिप कोन यांनी २००५ च्या अमेरिकन सरकारी चाचणीतला एक प्रकार पुढे आणला होता. अरबी-इंग्रजी भाषांतरात माणसांनी ज्याला पहिला नंबर दिला, त्याला ब्लूने सहावा दिला होता. ती प्रवेशिका पूर्ण यांत्रिक नव्हती. अरबी न येणाऱ्या इंग्रजी माणसांनी यंत्राच्या पर्यायांतून निवड करून वाक्ये नीट केली होती. माणसाचा हात लागल्यावर भाषांतर वाचणाऱ्यांना ते आवडले, आणि तुकडे जुळवणाऱ्याला मात्र त्याची किंमत कळली नाही.

आता ब्लूच्या भावाकडे वळू. त्याचे नाव 'रूज', म्हणजे लाली. चिन-यू लिन यांनी २००४ मध्ये तो सारांश तपासण्यासाठी मांडला. नावात याच्याही 'अंडरस्टडी' आहेच. फरक एवढा की ब्लू विचारतो 'यंत्राने लिहिलेल्यापैकी किती संदर्भात आहे?' आणि रूज मुख्यतः विचारतो 'संदर्भात असलेल्यापैकी किती यंत्राने पकडले?' सारांशासाठी ते योग्यच, कारण तिथे महत्त्वाचे काही सुटले का हीच चिंता असते. त्याचा सर्वांत साधा प्रकार सुटे शब्द मोजतो. आपल्या वाक्यांना तो लावू. 'क' चे आठ शब्द जुळले, ८९ गुण. 'ख' चे पाच, ५६ गुण. आता हे वाक्य घ्या:

घ) बारा वर्षांखालील डॉक्टरांना हे औषध मुलांना विचारल्याशिवाय देऊ नका

नऊच्या नऊ शब्द हजर. शंभरपैकी शंभर! मुलांची परवानगी घेऊन औषध घेणारे बारा वर्षांखालचे डॉक्टर सिंगापुरात कुठल्या क्लिनिकमध्ये बसतात ते शोधावे लागेल. रूजचे जोड्या मोजणारे आणि क्रम पाहणारे प्रकारही आहेत, ते 'घ' ला एवढे गुण देणार नाहीत. पण 'क' ला दोन्ही प्रकार ८८-८९ देतात, कारण तिथे क्रम बिघडलेलाच नाही. फक्त शेवटचा शब्द बदलला आहे. आणि मराठी वाक्याचा जीव बहुतेक वेळा शेवटच्या शब्दात असतो. इंग्रजीत नकार आधी येतो. आपण सगळे सांगून झाल्यावर 'नका' म्हणतो.

सुटे शब्द जुळवण्यापेक्षा अक्षरे जुळवावीत, असा एक उपाय २०१५ मध्ये माया पोपोविच यांनी मांडला. त्याचे नाव chrF. शब्दाऐवजी एक ते सहा अक्षर-चिन्हांचे तुकडे मोजायचे. मराठीला हा बराच मानवतो. 'विचारल्याशिवाय' आणि 'विचारल्याविना' यांत निम्म्याहून अधिक भाग सारखा आहे, त्याचे गुण मिळतात. पण त्याचीच दुसरी बाजू पाहा. 'आजोबांनी औषध दिले' आणि 'आजोबांना औषध दिले' यांत फरक एका मात्रेचा. देणारा घेणारा झाला, आणि अक्षरांच्या हिशोबात जवळजवळ काहीच घडले नाही.

याहून वाईट गोष्ट सॉफ्टवेअरच्या आत घडते आणि ती फारशी कोणी बोलत नाही. इथे बसलेल्यांपैकी निम्मे लोक प्रोग्रामर आहेत म्हणून सांगते. पायथनमधल्या rouge_score या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या पॅकेजमध्ये शब्द तोडण्यापूर्वी मूळ पद्धतीत ही ओळ चालते:

```
re.sub(r"[^a-z0-9]+", " ", text)
```

इंग्रजी अक्षरे आणि इंग्रजी आकडे सोडून बाकी सगळे पुसून टाक, असा तिचा अर्थ. आपले संपूर्ण देवनागरी वाक्य त्या ओळीतून गेले की कोरा कागद उरतो. मजकुरात कुठे इंग्रजी आकड्यांत 500 लिहिलेले असेल तर तेवढाच 500 उरतो, आणि संदर्भातही 500 असेल तर मराठीला शंभर गुण! बाकी वाक्यात काहीही लिहिलेले असो. २०२१ मध्ये बीबीसीच्या बातम्यांवरून मराठीसह ४४ भाषांचा सारांश-संच तयार करणाऱ्या एक्सएल-सम गटाला म्हणूनच रूजची बहुभाषिक आवृत्ती वेगळी करावी लागली.

दुसरा सापळा `\w` चा. पायथनच्या नेहमीच्या re मॉड्यूलमध्ये हे चिन्ह काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांना अक्षर मानत नाही. `\w+` ने शब्द तोडले तर 'आजोबांनी' चे 'आज', 'ब', 'न' असे तीन तुकडे होतात. 'आजोबांना' चेही तेच तीन. म्हणजे औषध देणारे आजोबा आणि औषध घेणारे आजोबा यांच्यात त्या प्रोग्रामला फरकच उरत नाही, पूर्ण गुण.

तपासायला सोपे आहे. कोणी मराठीचा स्कोअर दाखवला की आधी एकच वाक्य दोन्ही बाजूंना देऊन पाहा. शंभर आले नाहीत तर काहीतरी पुसले जाते आहे. मग एका विभक्तीची मात्रा बदलून पुन्हा चालवा. या वेळी मात्र शंभर यायला नकोत. दोन मिनिटांचे काम आहे. आपल्या गटाला कळवलेल्या त्या तीन गुणांच्या आघाडीबरोबर मजकूर कसा तोडला हे लिहिलेले नाही, म्हणून तो आकडा मला आज काहीच सांगत नाही.

शब्दांऐवजी अर्थ जुळवायचे प्रयत्न अर्थातच झाले, आणि त्यांतले काही आपल्या शेजारीच झाले. नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ सिंगापूरमध्ये यी सेंग चान आणि ह्वी टू इंग यांनी २००८ मध्ये 'मॅक्ससिम' मांडले. शब्द तंतोतंत जुळलाच पाहिजे असे न म्हणता, दोन वाक्यांतल्या शब्दांच्या जास्तीत जास्त साम्य असलेल्या जोड्या लावायच्या, समानार्थी शब्द चालवून घ्यायचे, असा तो विचार. आपण स्थळे जुळवताना करतो तसेच काहीसे. त्यानंतरचा मोठा बदल म्हणजे माणसांनी दिलेल्या गुणांवरून शिकलेली मापे. २०२० मध्ये आलेले 'कॉमेट' मूळ वाक्य, यंत्राचे वाक्य आणि संदर्भ असे तिन्ही वाचून गुण देते. २०२३ मध्ये भारतीय भाषांसाठी याची पडताळणी झाली. तमिळ, मल्याळम, गुजराती, हिंदी आणि मराठी या पाच भाषांतली, सात यंत्रांची मिळून ७००० भाषांतरे जाणकारांकडून चुका खुणावून तपासून घेतली, आणि सोळा मापांपैकी माणसाच्या मताशी कोणते किती जुळते ते पाहिले. कॉमेटसारखी मापे पुढे आली, ब्लूसारखी मागे राहिली.

मग प्रश्न सुटला का? अर्धा सुटला. 'ख' ला शून्य देण्याचा वेडेपणा कॉमेट करत नाही. पण २०२२ मध्येच शांताल आमराइन आणि रिको सेनरिच यांनी दाखवले होते की आकडे आणि विशेषनामे यांतल्या चुका कॉमेटला पुरेशा टोचत नाहीत. आपल्या पत्रकांत काय आहे? 'दिवसातून दोनदा', 'बारा वर्षे', '५०० मिलिग्रॅम'. म्हणजे जिथे आपल्याला नजर तीक्ष्ण हवी नेमकी तिथेच ती मंद.

म्हणून शेवटी मुख्य नटाला बोलवावे लागतेच. पण माणसाचा निर्णय म्हणजे 'चार जणांना दाखवले, छान म्हणाले' हे नव्हे. पूर्वी माणसांना दोन प्रश्न विचारत, अर्थ किती उतरला आणि भाषा किती सहज आहे, आणि प्रत्येकाला पाचपैकी गुण. यात गोची अशी की सहज भाषा अर्थाचेही गुण खेचून नेते. 'क' चे मराठी निर्दोष आहे. मूळ इंग्रजी शेजारी ठेवले नाही तर तुम्ही-मी त्याला पाचपैकी पाच देऊ. यंत्रे जितकी सफाईने लिहू लागली आहेत तितका हा धोका वाढला आहे. जुनी यंत्रे तोडकेमोडके लिहीत, त्यामुळे वाचणारा सावध तरी असे.

दुसरी गोची सहमतीची. समजा, दोन वाचकांना शंभर वाक्ये दिली आणि त्यांचे ८५ वाक्यांवर एकमत झाले. ऐकायला चांगले वाटते. पण बहुतेक वाक्ये बरीच असतात. दोघेही शंभरपैकी ९० ला 'ठीक' म्हणणारे असतील, तर डोळे मिटून म्हटले तरी ८२ ठिकाणी एकमत व्हायचेच : ०.९ गुणिले ०.९ म्हणजे ०.८१, अधिक दोघांनी 'चूक' म्हणण्याचे ०.०१. खरी कमाई ८२ च्या वरची, म्हणजे शक्य असलेल्या १८ पैकी ३. जेकब कोहेन यांचा १९६० चा 'कप्पा' हेच मोजतो आणि इथे तो येतो ०.१७, म्हणजे फारच कमी. तेव्हा कोणी टक्क्यांत सहमती सांगितली तर नुसती मान डोलावू नका, किती वाक्ये मुळात वाईट होती ते विचारा.

तिसरी गोष्ट आपल्या मंचाच्या जिव्हाळ्याची. 'भाषा सहज आहे का' असे विचारले की पुण्या-मुंबईचा शिकलेला वाचक 'शुद्ध आहे का' असे ऐकतो. 'जेवणानंतर घ्यावी' ला तो पूर्ण गुण देईल आणि 'जेवल्यावर घ्यायची' ला एक कापील. सांगली, बीड किंवा चंद्रपूरहून आलेल्या आईला दुसरे वाक्य लवकर कळेल. वाचक कोण निवडले यावरून कोणाची मराठी 'बरोबर' ठरते हे ठरते, आणि पुढे त्या गुणांवर यंत्र शिकते. यासाठी आपल्या तपासणीत सहजतेला गुणच ठेवू नयेत, असे माझे मत आहे. काहींना ते पटणार नाही.

आपण काय करावे ते आता सांगते. दोन्ही सॉफ्टवेअरची प्रत्येकी साधारण साठ वाक्ये निवडू, पण चिठ्ठ्या टाकून नव्हे. नकार असलेली, आकडे असलेली, 'पर्यंत', 'शिवाय', 'आधी', 'नंतर' असलेली, आणि कोणी कोणाला काय द्यायचे हे सांगणारी वाक्ये मुद्दाम घेऊ. कोणते वाक्य कोणत्या सॉफ्टवेअरचे हे झाकायचे आणि क्रम मिसळायचा. प्रत्येक वाक्य तीन जणांनी मूळ इंग्रजीसह, एकमेकांशी न बोलता वाचायचे. एकूण गुण द्यायचे नाहीत. चुकलेल्या शब्दाखाली रेघ मारायची आणि दोनच प्रकार लिहायचे : 'खटकते' किंवा 'औषध चुकेल'. खटकण्याच्या वीस चुका आणि औषध चुकण्याची एक, यांची बेरीज करायची नाही. दुसऱ्या प्रकारच्या चुका ज्याच्यात कमी ते सॉफ्टवेअर घ्यायचे. दोघांत सारख्या निघाल्या तर स्वस्त ते. निवडलेल्याची सगळी वाक्येही छापण्यापूर्वी माणसाने पाहायचीच. साठांत चूक सापडली नाही म्हणजे सहाशेत नाही असे होत नाही. शंभरात पाच वाक्ये बिघडवणारे यंत्रसुद्धा साठांच्या तपासणीतून नशिबाने सुटू शकते, तशी शक्यता साधारण वीसात एक आहे.

आणि एक वेगळी चाचणी करू, हिच्यात इंग्रजी लागत नाही. मराठी पत्रक एखाद्या आजी-आजोबांच्या हातात द्यायचे आणि विचारायचे : ही गोळी दिवसातून किती वेळा? जेवणाआधी की नंतर? नातवाला ताप आला तर यातली द्यायची का? उत्तर मूळ सूचनेशी ताडून पाहायचे. 'ख' चे पत्रक वाचणारी आजी 'नाही' म्हणेल, 'क' चे वाचणारी 'हो' म्हणेल.

वाक्यांची यादी मी पुढच्या रविवारपर्यंत काढते. रेघा मारायला आठ-दहा वाचक लागतील, वऱ्हाडी, मालवणी, खानदेशी घरातले असतील तर फारच बरे. आणि ज्यांचे आईवडील सध्या इथे आहेत त्यांनी त्यांना बरोबर आणावे. त्यांना इंग्रजी येत नसेल तर आपल्याला तेच हवे आहेत.